सहा बिंदू, एक रेषा आणि १०३ किलोजूल

डायनायट्रोजन पेंटॉक्साइड हा वायू बंद काचपात्रात ठेवला की आपोआप फुटत जातो. त्यातून तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन बाहेर पडतात, पात्रातला दाब वाढतो, आणि त्या वाढीवरून किती वायू फुटला हे कळते. डॅनियल्स आणि जॉन्स्टन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी १९२१ साली या वायूची वेगवेगळ्या तापमानांवरची मोजमापे प्रसिद्ध केली. ० अंश सेल्सिअसला निम्मा वायू फुटायला दहा दिवस लागतात, तर ६५ अंशाला अडीच मिनिटेही लागत नाहीत.

इतका फरक कशाने पडतो? फुटण्यासाठी रेणूला आधी ऊर्जेचा एक घाट चढावा लागतो. या घाटाची उंची म्हणजे सक्रियण ऊर्जा. ती थेट मोजणारे उपकरण नाही, पण आलेखावरच्या एका रेषेच्या चढावरून ती काढता येते.

एका सेकंदात शिल्लक रेणूंपैकी किती फुटतात, ते सांगणारा आकडा म्हणजे वेग स्थिरांक, k. सोयीसाठी तो दर कोटी रेणूंमागे लिहू. ० अंशाला ७.८७ रेणू, २५ अंशाला ३४६, ३५ ला १,३५०, ४५ ला ४,९८०, ५५ ला १५,००० आणि ६५ ला ४८,७००. हे आकडे तापमानासमोर जसेच्या तसे मांडले, तर वक्र आधी जमिनीलगत सरपटतो आणि मग उभाच्या उभा वर जातो. अशा वक्रावरून घाटाची उंची नजरेने काढता येत नाही.

स्वीडनचे स्वांते अर्‍हेनियस यांनी १८८९ साली या वाढीमागचा नियम मांडला. नैसर्गिक लॉगरिदम घेतल्यावर तो असा दिसतो:

ln k = ln A − Ea/(R T)

हे सरळ रेषेचे समीकरण आहे. आडव्या अक्षावर 1/T आणि उभ्या अक्षावर ln k घेतला, की रेषेचा चढ −Ea/R येतो. R हा वायू स्थिरांक, ८.३१४. मात्र T केल्विनमध्येच हवे, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. सेल्सिअसच वापरले तर आपला पहिलाच बिंदू शून्याने भागण्यात अडकतो.

आता रेषेची दोन टोके पाहू. २७३ केल्विनला 1/T हा ०.००३६६३ आणि ७.८७ चा लॉगरिदम २.०६. ३३८ केल्विनला 1/T हा ०.००२९५९ आणि ४८,७०० चा लॉगरिदम १०.७९. उभा फरक ८.७३, आडवा ०.०००७०४. भागाकार सुमारे १२,४००. तापलेले बिंदू डावीकडे असल्याने रेषा उजवीकडे उतरते, म्हणून चढ ऋण. त्याला ८.३१४ ने गुणून चिन्ह बदलले, की प्रति मोल सुमारे १०३ किलोजूल मिळतात. k आपण कोटीच्या हिशेबाने घेतला तरी उत्तर बिघडत नाही, कारण त्यामुळे सगळी रेषा सारखीच वर सरकते आणि चढ तोच राहतो.

दोन बिंदूंत काम भागते, तर सहा कशाला? ४५ आणि ५५ अंशांचे शेजारचे दोनच बिंदू घेऊन पाहा, उत्तर ९६ किलोजूल येते. ५५ आणि ६५ घेतले तर १०९. मोजमापातली बारीकशी चूक जवळच्या बिंदूंमध्ये फुगून दिसते. म्हणून तापमानाचा पल्ला मोठा ठेवायचा आणि रेषा सगळ्या बिंदूंच्या मधून काढायची. चढ काढण्यासाठीही त्या रेषेवरचीच दूरदूरची दोन ठिकाणे घ्यायची. इथे टोकाचे बिंदू रेषेच्या अगदी जवळ आहेत, म्हणून तेच वापरता आले.

एक चूक मात्र आलेख पाहून पकडता येत नाही. नैसर्गिक लॉगरिदमऐवजी दहाच्या पायाचा लॉगरिदम घेतला, तरी रेषा सरळच येते. उत्तर मात्र ४५ किलोजूलच्या आसपास पडते. तिथे चढाला आणखी २.३०३ ने गुणावे लागते.

रेषा मध्येच वाकली, तर प्रत्येक वेळी ती मोजमापाची चूक नसते. तापमान वाढल्यावर अभिक्रियेने वाट बदलली असेल, किंवा एन्झाइम असेल तर ते उष्णतेने निकामी झाले असेल. अशा आलेखातून एकच सरासरी रेषा ओढली, तर मिळणारी उंची कुठल्याच घाटाची नसते.

आपल्या वायूची रेषा सरळ आहे, तरी त्याचे फुटणे एका पायरीत होत नाही. रिचर्ड ऑग यांनी १९४७ साली त्याच्या अनेक पायऱ्या उलगडून दाखवल्या. म्हणून १०३ किलोजूल ही एखादा बंध तोडण्याची किंमत म्हणून वाचू नये. तापमान बदलले की पायऱ्यांची ती सगळी मालिका मिळून किती वेगाने बदलते, तेवढेच हा आकडा सांगतो.