सात एकोणतीस वेळा आला, म्हणून काय झालं?

लॉटरीच्या जुन्या निकालांची वही ठेवणारा माणूस हमखास भेटतो. वहीवर बोट ठेवून तो सांगतो, "हा सात बघा, सारखा येतोय. चेंडूत काहीतरी आहे." त्याची शंका खरी की खोटी, हे ठरवायला संख्याशास्त्रात एक जुनी कसोटी आहे. कार्ल पिअर्सन या इंग्रज गणितज्ञाने ती 1900 साली मांडली. तिचं नाव काय-वर्ग कसोटी. यातला 'काय' म्हणजे प्रश्न नव्हे, ते एका ग्रीक अक्षराचं नाव आहे.

एक साधी सोडत घेऊ. यंत्रात 0 ते 9 आकड्यांचे दहा चेंडू आहेत, दर वेळी एक निघतो आणि परत आत जातो. अशा 200 सोडतींचे निकाल आपल्याकडे आहेत असं समजा. चेंडू सारखे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 20 वेळा यावं. आपल्या काल्पनिक वहीत मात्र असं दिसतं: शून्य 22 वेळा, एक 17, दोन 25, तीन 18, चार 16, पाच 24, सहा 19, सात 29, आठ 14 आणि नऊ 16.

आता प्रत्येक चेंडू 20पासून किती लांब गेला ते काढू. सात 9ने पुढे, आठ 6ने मागे, दोन 5ने पुढे, वगैरे. हे फरक तसेच मिळवले तर अधिक-उणे होऊन शून्य उरतं, म्हणून आधी त्यांचा वर्ग करायचा. साताचे 81, आठाचे 36, दोनाचे 25. दहाही चेंडूंचे मिळून 208. याला अपेक्षित 20ने भागायचं, कारण विसात नवाचा फरक मोठा आणि दोन हजारांत तोच नगण्य. उत्तर येतं 10.4. हाच आपला काय-वर्ग.

10.4 जास्त की कमी? चेंडू अगदी निर्दोष असले तरी हा आकडा शून्य येत नाही. दहा चेंडूंसाठी तो सरासरी 9 येतो. निर्दोष यंत्रात तो 16.92च्या वर शंभरातून पाचच वेळा जातो, म्हणून शंकेची रेघ साधारण तिथे ओढतात. आपला आकडा रेघेच्या बराच आत आहे. निर्दोष यंत्रातही 10.4 किंवा त्याहून मोठा आकडा शंभरात तीसेक वेळा दिसेल. वहीवाल्याची चूक अशी, की त्याने निकाल पाहून झाल्यावर सर्वांत पुढचा चेंडू निवडला. दहा जण धावले की कुणीतरी पहिला येणारच.

मात्र हेच प्रमाण 1000 सोडतींत टिकलं, म्हणजे सात 145 वेळा आणि आठ 70 वेळा आला, तर काय-वर्ग पाचपट होऊन 52 होईल. तेव्हा चेंडूंना तराजूवर ठेवायलाच हवं. थोड्या निकालांवरून बारीक दोष पकडता येत नाही, तो अशाच लांब नोंदीत उघडा पडतो.

49 चेंडूंतून एकदम सहा निघतात अशा सोडतीत एक दुरुस्ती लागते. तिथे निघालेला चेंडू परत आत जात नाही, त्यामुळे आकड्यांचा विखार थोडा आवळतो. म्हणून आलेल्या उत्तराला 48/43ने गुणून मगच तक्ता पाहायचा. हे विसरलं तर दोष असूनही यंत्र निर्दोष वाटू शकतं.

आणि आता कसोटीची खरी मर्यादा. 24 एप्रिल 1980 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लॉटरीत 666 हा आकडा निघाला. तीन यंत्रांत हवेच्या झोताने पिंगपाँगचे चेंडू उडत. टोळीने 4 आणि 6 वगळून बाकीच्या चेंडूंत रंग टोचून ते जड केले होते, त्यामुळे वर येणार ते फक्त चार आणि सहा. असे तीन आकडी आठच क्रमांक होतात, आणि त्यांवर भरमसाट पैसे लागले होते. संशय आला तो त्या पैशांवरून. पुढे सोडतीचा टीव्ही निवेदक निक पेरी दोषी ठरला.

काय-वर्गाने हे पकडलं असतं का? आपल्याच वहीत 201वी सोडत म्हणून तो लबाडीचा सहा टाकून पाहा. सहा 19चा 20 होतो आणि काय-वर्ग 10.4वरून 10.3वर येतो. म्हणजे फसवणुकीनंतर वही उलट अधिक स्वच्छ दिसते!

तेव्हा महिनोन् महिने जड राहिलेला चेंडू शोधायला काय-वर्ग वापरावा. एका रात्रीची लबाडी पकडायला चेंडूंचं वजन आणि तिकिटांचा हिशेबच तपासावा लागतो.