नमस्कारानंतरचा धडा

प्रौढ माणसाला नवी भाषा शिकवताना पहिला शब्द कोणता, यावर कुणी भांडत नाही. नमस्कार नाहीतर रामराम. घोडं अडतं ते त्यानंतर, समोरच्याची खुशाली विचारायची आणि आपली सांगायची वेळ आली की. सातारा-सांगलीकडे गेल्या दीडशे वर्षांत हा दुसरा धडा बराच पुढेमागे सरकला आहे.

साहेब अधिकारी आणि मिशनरी मराठी शिकत तेव्हा तो फार उशिरा येई. गणपतराव नवलकरांनी १८६८ साली विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतून लिहिलेलं मराठी व्याकरण त्या काळाचं प्रातिनिधिक पुस्तक. त्याची शिस्त व्याकरणाची: आधी वर्ण, मग शब्दांच्या जाती, लिंग, विभक्ती. कागद वाचायला ही वाट चांगली होती, पण ओसरीवर बसून दोन वाक्यं बोलायला तिचा उपयोग कमी.

याच मुलखातली माणसं उलट्या दिशेनेही गेली. खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण या दुष्काळी तालुक्यांतून गलाईवाले जुनं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगले. तमिळनाडूत गेलेल्याला पुस्तक कुठलं? धडे पेढीवरच. ‘वणक्कम’ झालं की ‘एप्पडि इरुक्कींग?’ आणि उत्तर ‘नल्ला इरुक्केन’. इथे त्याला भाषेनेच हात दिला. समोर बाई असो वा बाप्या, आदराचा प्रश्न एकच, आणि उत्तरही दोघांचं एकच. तोंडपाठ केलेलं वाक्य कुणापुढेही चालतं.

मराठीत तसं चालत नाही. कसा आहेस, कशी आहेस, कसे आहात, कशा आहात, असे एकाच प्रश्नाचे चार अवतार. वर उत्तराचा साचा प्रश्नाच्या साच्यातून निघत नाही. बाईंना आदराने विचारलं, ‘तुम्ही कशा आहात?’ तर त्यांनी म्हणायचं, ‘मी बरी आहे.’ आदराचं अनेकवचन गेलं, क्रियापद बदललं, लिंग तेवढं राहिलं. शिकणारा मात्र कानावर पडलेलंच परत करतो. ‘मी बरे आहात’ हे हमखास ऐकू येतं. दुसरी चूक लवकर ध्यानात येत नाही. शिकवणारा पुरुष असेल तर त्याच्यामागून म्हणणारी बाईही ‘मी बरा आहे’ म्हणते आणि उच्चार स्वच्छ असल्याने तिला शाबासकीही मिळून जाते.

बोलण्याकडे पाहण्याची नजर बदलायला फलटणचा हातभार मोठा आहे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाभ्यासक तिथे राहिल्या. गावातले लोक प्रत्यक्ष कसे बोलतात, हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. फलटणच्याच लेखिका जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परभाषकांसाठी मराठीचं व्याकरण, कोश आणि वाचनपाठ तयार केले. त्यातलं संदर्भ-व्याकरण १९७५ चं. अलीकडे मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने ‘माय मराठी’ हा अभ्यासक्रम अमराठी प्रौढांसाठी उभा केला.

या साऱ्या वाटचालीकडे पाहून आज मी धड्यांचा क्रम असा लावतो. नमस्कारानंतर लगेच ‘तुम्ही कसे आहात’ घ्यायचं नाही. आधी ‘कसं काय?’ – ‘बरं आहे.’ मग ‘जेवण झालं?’ – ‘झालं’ किंवा ‘व्हायचंय.’ या वाक्यांत बोलणाऱ्याचं लिंग येत नाही आणि आदर-अनादराचा प्रश्नही उठत नाही. उत्तराला ‘तुमचं?’ एवढी शेपटी जोडली की संभाषण परतवता येतं. बाजारात हाच माल चालतो. ‘बरं हाय’ ऐकलं तर शिकणारा गोंधळत नाही, कारण सांगाडा तोच असतो.

हे तोंडात बसलं की मगच बरा-बरी. तेही आधी तिसऱ्या माणसाबद्दल: ‘आई कशी आहे?’ – ‘बरी आहे.’ ‘मुलगा कसा आहे?’ – ‘बरा आहे.’ इथे प्रश्नातलं ‘आहे’ उत्तरात तसंच राहतं, माणसागणिक उत्तरात बदलतं ते एकच अक्षर. ‘तुम्ही’ आणि ‘मी’ यांची अदलाबदल सगळ्यात शेवटी.

धडा मुरला की नाही, हे पाठांतरावरून कळत नाही. प्रश्न विचारता विचारता माणूस बदलायचा. भावावरून अचानक बहिणीवर गेलं आणि उत्तर ‘बरी’ आलं तर पुढे जावं, ‘बरा’च आलं तर पुन्हा तिसऱ्या माणसाच्या धड्यावर यावं. या क्रमाला एक मर्यादाही आहे. सांगलीच्या मंडईत ‘काय म्हणताय?’ असं कुणी विचारलं की नवखा आपण काय म्हणालो ते आठवू लागतो. या प्रश्नाचं ‘काही नाही, निवांत’ हे उत्तर नियमाने सापडणारं नव्हे, म्हणून ते अख्खंच द्यावं लागतं, आणि तेही पहिल्याच आठवड्यात. कारण बाहेर पडल्यावर पहिला प्रश्न बहुतेक वेळा तोच येतो.