पाणी आटल्यावर पुरावा काय?

वरच्या फ्लॅटमधली पाण्याची पाइप रात्री फुटली आणि सकाळी तुमच्या बेडरूमचं छत फुगलेलं दिसलं. अचानक फुटलेल्या पाइपच्या पाण्याने झालेलं नुकसान ‘भारत गृह रक्षा’सारख्या पॉलिसीत सहसा भरून मिळतं. वर्षानुवर्षं मुरलेली ओल मात्र त्यात बसत नाही. सर्व्हेअर येईपर्यंत पाणी ओसरलेलं असतं. त्याला दिसतात ते फक्त डाग, आणि हे डाग कालचे की गेल्या पावसाळ्यातले हे तुमच्या कागदांवरून ठरतं.

म्हणून आधी फोटो. सामान हलवण्यापूर्वी दारातून पूर्ण खोलीचा, मग एकेका भिंतीचा आणि शेवटी डागाशेजारी मोजपट्टी धरून जवळून. प्लंबरने पाइप कापण्याआधी वरच्या घरी जाऊन फुटलेल्या जागेचाही फोटो घ्या आणि तो तुकडा जपून ठेवा. प्लंबरच्या बिलावर तारीख आणि दुरुस्तीचं कारण लिहून घ्या. फोटो कंपनीला ई-मेलने मूळ फाइल म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की फाइलमधली तारखेची नोंद निघून जाते.

त्यानंतर कंपनीला लगेच कळवून दावा क्रमांक घ्या. पाणी पुसणं, वीज बंद करणं यासाठी सर्व्हेअरची वाट पाहू नका, कारण नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी असते. फक्त फुगलेलं प्लाय भंगारात देऊ नका.

कंत्राटदाराचं अंदाजपत्रक ‘बेडरूम दुरुस्ती, ३०,८०० रुपये’ असं एका ओळीत आलं, तर त्यातलं काय कापायचं ते सर्व्हेअर आपल्या अंदाजाने ठरवेल. तेच असं मागा: पीओपी छत ६० चौरस फूट, ९० रुपये दराने ५,४००; पुट्टी आणि रंग १४० चौरस फूट, ३५ रुपये दराने ४,९००; भिंतीतल्या कपाटाचं प्लाय आणि दोन दारं १८,०००; वायरिंग २,५००. प्रत्येक ओळीपुढे तिचा फोटो क्रमांक लिहा. या निमित्ताने सगळं घर रंगवायचं असेल, तर त्याचं अंदाजपत्रक वेगळं घ्या. ते यात मिसळलं की खऱ्या आकड्यांवरही शंका येते.

सोबतचं पत्र एका पानाचं पुरे. वर पॉलिसी आणि दावा क्रमांक, पत्ता. पहिल्या परिच्छेदात कधी, कुठून पाणी आलं आणि ते कोणी थांबवलं. पुढे वरचाच तक्ता, बेरजेसह. शेवटी जोडपत्रांची क्रमवार यादी: फोटो, अंदाजपत्रक, प्लंबरचं बिल, सोसायटीचं पत्र. शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाची तक्रार किंवा मनस्तापाचं वर्णन इथे नको. कारण माहीत नसेल तर तसंच लिहा. पत्रातली तारीख आणि बिलावरची तारीख जुळली नाही, तर साध्या चुकीचाही खुलासा करत बसावं लागतं.

पत्राची पोच घ्या आणि पूर्ण संचाची एक प्रत स्वतःकडे ठेवा. दावा नाकारला गेला आणि कंपनीकडच्या तक्रारीनेही काम झालं नाही, तर विमा लोकपालाकडे हाच संच घेऊन जायचं असतं.