ब्रशखालचा एक मिलिसेकंद

साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू व्हायला चार दिवस उरले होते. उसाच्या केन कॅरिअरची डीसी मोटर रिवाइंडिंगहून परत आली, फाउंडेशनवर बसली, सप्लाय दिला आणि उलटी फिरली. इलेक्ट्रिशियनने टर्मिनल बॉक्स उघडून आर्मेचरच्या दोन वायरी आपापसांत बदलल्या. मोटर सरळ फिरू लागली, आवाज स्वच्छ, ब्रशखाली ठिणगीचा मागमूस नाही. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण पहिल्या दिवशी कॅरिअरवर ऊस पडला आणि अर्ध्या तासात निरोप आला: ‘साहेब, रिकामी चालते तेव्हा काही नाही, लोड टाकला की जाळ काढते.’ कम्युटेटरभोवती हिरवट झाक असलेल्या ठिणग्यांचं कडं धरलं होतं. तो हिरवा रंग तांब्याचा होता. पट्ट्यांचं तांबं अक्षरशः जळत होतं.

वाइंडिंग शाबूत होतं, ब्रश नवे होते, कम्युटेटर लेथवर गोल करून आणला होता. मग रिकाम्या चालीत न दिसणारा आणि उसाच्या वजनाबरोबर वाढत जाणारा हा दोष होता कुठे? तो शोधायचा तर ब्रशच्या खाली काय घडतं ते जरा संथपणे पाहावं लागतं.

डीसी मोटरच्या फिरत्या भागाला आर्मेचर म्हणतात. त्याच्या खाचांत तांब्याची वेटोळी बसवलेली असतात आणि प्रत्येक वेटोळ्याची टोकं कम्युटेटरच्या पट्ट्यांना जोडलेली असतात. कम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचं नळकांडं. दोन पट्ट्यांमध्ये मायकाचा पातळ थर. त्यावर कार्बनचे ब्रश स्प्रिंगने दाबून धरलेले असतात. वेटोळं ब्रशच्या अलीकडे असताना त्यातून प्रवाह एका दिशेने वाहतो. ब्रश ओलांडून पलीकडे गेलं की तोच प्रवाह उलट दिशेने वाहायला हवा. हा पालट व्हायचा तो ब्रशखालून जाताना. त्या क्षणी ब्रश शेजारच्या दोन पट्ट्यांवर एकदम टेकलेला असतो, म्हणजे ते वेटोळं ब्रशने शॉर्ट केलेलं असतं.

या पालटाला वेळ किती मिळतो? कॅरिअरच्या मोटरीसारखी एक मोटर धरू: 440 व्होल्ट, पूर्ण लोडवर 200 अँपिअर, मिनिटाला 1000 फेरे. कम्युटेटरचा व्यास 250 मिलिमीटर असेल तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे 13 मीटर वेगाने ब्रशखालून सरकतो. ब्रशची जाडी साडेबारा मिलिमीटर. म्हणजे वेटोळ्याला मिळतो जेमतेम एक मिलिसेकंद. अशा मोटरीत वेव्ह वाइंडिंग असलं तर आर्मेचरमध्ये प्रवाहाचे दोन समांतर मार्ग असतात आणि प्रत्येक वेटोळ्यातून 100 अँपिअर जातात. एका मिलिसेकंदात अधिक 100 चे उणे 100 व्हायचे. सेकंदाच्या हिशेबात हा दोन लाख अँपिअरचा बदल झाला.

प्रवाह इतक्या घाईने वळायला राजी नसतो. लोखंडाच्या खाचेत बसलेल्या वेटोळ्याला स्वतःचं इंडक्टन्स असतं, आणि ते प्रत्येक बदलाला विरोध करतं. हे इंडक्टन्स 20 मायक्रोहेन्री धरलं तर जुना प्रवाह टिकवू पाहणारा दाब चार व्होल्ट होतो. चार व्होल्ट हा आकडा किरकोळ वाटतो, पण कार्बन ब्रश आणि तांबं यांच्या स्पर्शातली विजेची घट एकेका ब्रशला सुमारे एक व्होल्टच असते. तिच्या जोरावर एवढा दाब आवरत नाही. वेटोळं ब्रशच्या मागच्या कडेपाशी पोहोचतं तेव्हा त्यातला प्रवाह पुरता उलटलेला नसतो, आणि पट्टी ब्रश सोडते त्या क्षणी उरलेला प्रवाह हवेतून उडी मारतो. तीच ठिणगी. लोड वाढून प्रवाह दुप्पट झाला की हा दाबही दुप्पट.

पण अडचण एवढ्यावर थांबत नाही. दुसरी अडचण आर्मेचरच्या स्वतःच्या चुंबकत्वाची आहे.

मोटरीच्या बाहेरच्या चौकटीत मुख्य ध्रुव असतात, एक उत्तर, पुढचा दक्षिण, असे आलटून पालटून. दोन ध्रुवांच्या बरोबर मधली जागा तटस्थ असते. तिथून जाणारं वेटोळं चुंबकरेषा कापत नाही, त्यामुळे त्यात दाब निर्माण होत नाही. ब्रश अशा रीतीने बसवतात की शॉर्ट झालेलं वेटोळं नेमकं या तटस्थ जागेत असावं. रिकाम्या मोटरीत हे छान जमतं. लोड आला की आर्मेचरमधून जोराचा प्रवाह वाहतो आणि आर्मेचर स्वतःच एक विद्युतचुंबक होतं. त्याचे ध्रुव उमटतात ते मुख्य ध्रुवांच्या मधोमध, म्हणजे आपण तटस्थ म्हणून निवडलेल्या जागीच! मूळ क्षेत्र आणि हे आडवं क्षेत्र मिळून एकूण क्षेत्र तिरपं होतं. ध्रुवाच्या एका कडेला रेषांची दाटी, दुसऱ्या कडेला विरळ. खरी तटस्थ जागा सरकते. जनरेटरमध्ये फिरण्याच्या दिशेने पुढे, मोटरीत मागे. यालाच आर्मेचर रिअ‍ॅक्शन म्हणतात. ब्रशखालचं वेटोळं आता चुंबकरेषा कापू लागतं, आणि त्यातून निर्माण होणारा दाबही जुन्या प्रवाहाचीच बाजू घेतो. आधीच उशीर होत होता, त्यात ही भर.

एकोणिसाव्या शतकातल्या वीजघरांत यावर साधा उपाय होता. ब्रशची सगळी चौकट एका दांडीने थोडी फिरवता यायची. दिवे वाढले की राखणदार ती पुढे सरकवायचा, कमी झाले की मागे. तेव्हाचे ब्रश तांब्याच्या तारांचे किंवा जाळीचे असत. 1885 मध्ये जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश अभियंत्याने कार्बनच्या ब्रशचं पेटंट घेतलं. कार्बनचा जास्त विरोध शॉर्ट झालेल्या वेटोळ्यातला नको तो प्रवाह आवळून धरतो, त्यामुळे ठिणगी पुष्कळ कमी झाली. पण केवळ कार्बनवर जास्त लोड पेलत नाही, आणि दर मिनिटाला लोड बदलणाऱ्या यंत्रापाशी दांडी धरून माणूस तरी कसा उभा करणार?

उपाय निघाला तो मुख्य ध्रुवांच्या मधल्या रिकाम्या जागेत. तिथे अरुंद, छोटे ध्रुव बसवायचे. हेच इंटरपोल. त्यांच्यावर जाड तांब्याचे मोजके वेढे असतात आणि ते आर्मेचरशी सिरीजमध्ये जोडलेले असतात. सगळी करामत या जोडणीत आहे. आर्मेचरचा प्रवाह दुप्पट झाला की त्रास दुप्पट होतो. पण तोच प्रवाह इंटरपोलमधून जात असल्याने उताराही आपोआप दुप्पट होतो. इंटरपोलला दोन कामं करायची असतात. आर्मेचरचं आडवं क्षेत्र त्या अरुंद पट्ट्यात पुसून टाकायचं, आणि वर थोडं उलटं क्षेत्र उभं करायचं, म्हणजे ते चार व्होल्ट तोलले जातील आणि प्रवाह वेळेत वळेल. म्हणून इंटरपोलचे अँपिअर-टर्न आर्मेचरच्या अँपिअर-टर्नपेक्षा साधारण 20 ते 30 टक्के जास्त ठेवतात.

आता कारखान्यातल्या मोटरीकडे परत जाऊ. मोटरीत इंटरपोलचा ध्रुव त्याच्या मागच्या, म्हणजे आर्मेचरने नुकत्याच ओलांडलेल्या मुख्य ध्रुवासारखा असावा लागतो. जनरेटरमध्ये पुढच्या ध्रुवासारखा. इलेक्ट्रिशियनने दिशा बदलण्यासाठी फक्त आर्मेचरची टोकं, ए1 आणि ए2, बदलली. इंटरपोलची बी1 आणि बी2 तशीच राहिली. आर्मेचरचा प्रवाह उलटला, इंटरपोलचा उलटला नाही. जो ध्रुव आर्मेचरचं क्षेत्र पुसायला बसवला होता, तोच त्यात भर घालू लागला. रिकाम्या मोटरीत दोन्हींतून नाममात्र प्रवाह जात होता, म्हणून काही दिसलं नाही. ऊस पडला, प्रवाह 200 अँपिअरकडे गेला, आणि उतारा विष झाला. आर्मेचर आणि इंटरपोल ही एकच साखळी मानून तिची बाहेरची दोन टोकं बदलायची, किंवा नुसत्या शंट फील्डची टोकं बदलायची, हा योग्य मार्ग. तिथे शेवटी होकायंत्राने प्रत्येक ध्रुव तपासला, जोड सुधारला, कम्युटेटर पुन्हा घासला. दोन दिवसांचं गाळप मात्र गेलं.

हीच साखळी नीट जोडलेली असली की काय साधतं, ते भोर घाटात दिसत असे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबई व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी 1500 व्होल्ट डीसीवर धावली आणि 1930 पर्यंत डीसीची तार पुण्याला पोहोचली. कर्जत ते खंडाळा चढ 37 ला 1 आहे. सपाटीवर गाडीच्या एका टनाला ओढायला काही किलोचा जोर पुरतो. या चढावर नुसत्या गुरुत्वाकर्षणापायी टनामागे 27 किलोचा जोर जास्त लागतो. ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी मालगाडीची इंजिनं हे ओझं घेऊन चढत तेव्हा त्यांच्या मोटरींतून सतत भारी प्रवाह वाहत असे. इंजिनाला दोन्ही दिशांना धावावं लागतं, त्यामुळे ब्रश एका बाजूला सरकवून ठेवणं शक्यच नसतं. आणि घाट उतरताना याच मोटरी जनरेटर होऊन वीज तारेत परत पाठवत. तेव्हा आर्मेचरचा प्रवाह उलटतो, इंटरपोलचाही त्याच्याबरोबर उलटतो, आणि जनरेटरला हवा तो ध्रुव कोणी हात न लावता तयार मिळतो.

इंटरपोललाही मर्यादा आहे. लोखंड ठरावीक हद्दीपलीकडे चुंबकरेषा घेत नाही. मोटर क्षमतेच्या फार वर ताणली की इंटरपोलचं लोखंड तृप्त होतं. प्रवाह वाढत राहतो, उतारा वाढत नाही, आणि ठिणग्या परततात. शिवाय इंटरपोल फक्त आपल्या अरुंद पट्ट्यापुरतं काम करतो. मुख्य ध्रुवांखालचं तिरपं क्षेत्र तसंच राहतं, आणि जिथे रेषांची दाटी असते तिथल्या शेजारच्या पट्ट्यांमधला दाब इतका वाढू शकतो की ठिणगी एका ब्रशपासून दुसऱ्या ब्रशपर्यंत कम्युटेटरभर पेट घेते. पोलाद लाटणाऱ्या रोलिंग मिलच्या मोठ्या मोटरींत म्हणूनच मुख्य ध्रुवांच्या तोंडात खाचा पाडून तिथेही आर्मेचरच्या प्रवाहाचे वेढे बसवतात.

जोडणी बरोबर असूनही ठिणगी राहिली तर अनुभवी फिटर आधी ती ब्रशच्या कुठल्या कडेला आहे ते पाहतो. पट्टी ज्या कडेने ब्रश सोडते तिथे असेल तर पालट उशिरा होतोय, इंटरपोल दुबळा आहे असा संशय. आत शिरणाऱ्या कडेला असेल तर इंटरपोल गरजेपेक्षा जोरकस. खात्री करायला वेगळ्या सप्लायमधून इंटरपोलमध्ये थोडा प्रवाह वाढवून आणि घटवून पाहतात आणि कुठल्या हद्दींमध्ये ब्रश काळा, म्हणजे बिनठिणगीचा राहतो ते प्रत्येक लोडला टिपतात. प्रवाह वाढवल्यावर ब्रश शांत झाला तर इंटरपोलच्या पाठीमागे पोलादी शिम घालून तो आर्मेचरच्या जवळ आणतात. घटवल्यावर शांत झाला तर पोलादी शिम काढून तिथे पितळी बसवतात. या शिमची जाडी पुष्कळदा एक मिलिमीटरही नसते.