आधी कोणाचं दळलंय?

गिरणीत दळण घेऊन गेलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काका, आधी कोणाचं दळलंय?" गव्हावर गहू असेल तर डबा लगेच पुढे सरकवायचा. बाजरी असेल तर आणखी कुणी गहू घेऊन येईपर्यंत थांबायचं. गिरणीच्या दगडांत आणि त्या पांढऱ्या कापडी तोंडात आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ राहतं आणि ते आपल्या डब्यात येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घरच्या कॉफी ग्राइंडरपुढे उभं राहून मला हाच प्रश्न रोज सकाळी पडतो. कॉफी शौकिनांत एक जुना वाद आहे. ग्राइंडरच्या डोक्यावरच्या हॉपरमध्ये पाकीटभर बिया भरून ठेवाव्यात आणि लागेल तशी कॉफी दळावी, की हॉपर रिकामाच ठेवून दर कपाला बिया तोलून टाकाव्यात? दुसऱ्या पद्धतीला सिंगल डोसिंग म्हणतात. जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे टाकतात, त्या मुठीला आपल्याकडे वैरण म्हणतात. सिंगल डोसिंग म्हणजे एका कपाची एक वैरण.

हॉपर आला तो धंद्याच्या गरजेतून. इटलीतल्या कॉफी बारमध्ये गिऱ्हाईक उभ्या उभ्या एस्प्रेसो पिऊन निघून जातं. तिथे दर कपाला बिया तोलत बसलं तर रांग दाराबाहेर जाईल. आपल्याकडच्या चालत्या कॅफेचा हिशोब मांडून बघा. दोन शॉटच्या एका कपाला 18 ग्रॅम धरले तर दिवसाच्या 200 कपांना 3 किलो 600 ग्रॅम बिया लागतात. मोठ्या हॉपरमध्ये किलो-सव्वा किलो बिया मावतात, म्हणजे तो दिवसातून तीनदा भरावा लागतो. त्यातली बी काही तासांच्या वर तिथे राहतच नाही. अशा ठिकाणी हॉपरमुळे कॉफी शिळी होते, असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

घरी मात्र हिशोब उलटा होतो. सकाळी दोन कप, म्हणजे 36 ग्रॅम. 250 ग्रॅमचं पाकीट हॉपरमध्ये ओतलं की तळातली बी पहिल्या दिवशी दळली जाते आणि सगळ्यात वरची सातव्या दिवशी. हा आठवडाभर तिला प्रकाश, हवा आणि स्वयंपाकघरातली ऊब लागत राहते. भाजलेल्या बीतून कर्बवायू आणि सुगंध हळूहळू बाहेर पडत असतो, आणि तिच्या तेलाला हवा लागली की ते खवट होऊ लागतं. काळपट भाजलेल्या बियांना वरून तेल सुटलेलं असतं, त्यांच्या बाबतीत हे लवकर घडतं. पारदर्शक हॉपरच्या आतून बोट फिरवून वास घ्या. जुन्या तेलाच्या बाटलीचा वास आला तर तोच वास नव्या बियांनाही लागणार. पावसाळ्यात याच्या जोडीला दमटपणा येतो. भाजलेल्या बीत पाण्याचा अंश अगदी कमी असतो, त्यामुळे ती हवेतली ओल ओढून घेते आणि उघड्या डब्यातल्या पापडासारखी सादळते. सादळलेली बी तशी कडक फुटत नाही, मग सोमवारी जुळवलेलं दळण गुरुवारी जुळत नाही.

तरीही मला वाटतं, हॉपरमधल्या बियांची चिंता आपण जरा जास्तच करतो आणि खरं नुकसान जिथे होतं तिकडे बघत नाही. ते होतं खाली, गिरणीच्या तोंडात. ग्राइंडरच्या पोलादी चकत्यांभोवती आणि पूड बाहेर येण्याच्या नळीत थोडी पूड दर वेळी अडकते. काही यंत्रांत ती अर्ध्या ग्रॅमहून कमी असते, काहींत चार-पाच ग्रॅम. अख्खी बी बंद पाकिटात काही आठवडे चांगली राहते. दळलेल्या पुडीचा सुगंध मात्र काही मिनिटांतच ओसरू लागतो, कारण हवा लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढलेला असतो. रात्रभर नळीत बसलेली ती चार ग्रॅम पूड सकाळच्या पहिल्या 18 ग्रॅमच्या कपात उतरली, तर जवळजवळ पाव कप कालचा झाला. म्हणून हॉपरवाले सकाळी पहिले तीन-चार ग्रॅम दळून टाकून देतात. रोजचे चार म्हणजे महिन्याचे 120 ग्रॅम, जवळपास अर्धं पाकीट कचऱ्यात. कॅफेला हे जाणवत नाही, कारण तिथे एक कप आणि दुसरा कप यांत मिनिटाचंच अंतर असतं.

हॉपरची दुसरी अडचण मला कळायला वेळ लागला. माझ्या जुन्या ग्राइंडरला वेळेचं बटण होतं. नऊ सेकंदांत तो 18 ग्रॅम पूड द्यायचा आणि त्यातून 28 सेकंदांत 36 ग्रॅम एस्प्रेसो उतरायचा. आठवडाभर सगळं सुरळीत चालायचं. मग एके सकाळी तीच खूण, तेच नऊ सेकंद, आणि शॉट 20 सेकंदांतच धो धो वाहून गेला. चव आंबट, पातळ. पूड तोलली तर 16.8 ग्रॅम भरली. मी दळण एक खूण बारीक केलं, वेळ वाढवली, सगळं जमलं. त्याच संध्याकाळी नवं पाकीट हॉपरमध्ये ओतलं. दुसऱ्या सकाळी यंत्र गुदमरलं, 45 सेकंदांत जेमतेम थेंब थेंब, आणि कडू.

बिघाड यंत्रात नव्हता. हॉपर भरलेला असतो तेव्हा वरच्या बियांचं वजन खालच्या बियांना चकत्यांत ढकलत राहतं. हॉपर तळाला गेला की ते वजन जातं आणि उरलेल्या बिया कढईतल्या लाह्यांसारख्या उडू लागतात. चकत्यांना त्या सलग मिळत नाहीत, अडखळत मिळतात, म्हणून तेवढ्याच वेळात पूड कमी पडते. शिवाय एकमेकींवर दाबून न फुटल्यामुळे अगदी बारीक पूडही कमी होते आणि पाणी वेगाने निघून जातं. म्हणून हॉपर वापरणाऱ्याने तो तळापर्यंत कधी जाऊ देऊ नये. चकत्यांच्या तोंडावर चार बोटं बिया कायम असाव्यात.

सिंगल डोसिंगमध्ये बिया उडतातच, पण दर वेळी सारख्याच उडतात. 18 ग्रॅम आज असतील तसेच उद्याही असतील, म्हणून जुळवलेली खूण टिकते. ती हॉपरच्या खुणेपेक्षा सहसा थोडी बारीक ठेवावी लागते, एवढं लक्षात ठेवायचं. माझी सकाळ आता अशी जाते. छोट्या वाटीत 18 ग्रॅम बिया तोलायच्या. चमच्याचं मागचं टोक पाण्यात बुडवून बियांत फिरवायचं, म्हणजे एखाददुसरा थेंब त्यांना लागतो. यंत्र सुरू करून बिया आत टाकायच्या. आवाज मोकळा झाला की वरचा रबरी भाता दोन-तीनदा दाबायचा, त्या हवेने नळीतली पूड खाली येते. मग पूड परत तोलायची.

तो पाण्याचा थेंब उगाच नाही. बिया एकमेकींवर आणि पोलादावर घासल्या की स्थिर वीज तयार होते, आणि पूड नळीला, वाटीला, ओट्याला चिकटते. पुण्यात फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत हा त्रास सगळ्यात जास्त. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी, त्यात ज्वालामुखीच्या राखेतली वीज अभ्यासणारेही होते, 2023 मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. दळण्याआधी बियांना थोडं पाणी लावलं की हा विद्युतभार कमी होतो, असं त्यात दाखवलं आहे. हॉपरमधल्या बियांवर मात्र पाणी कधीच मारू नये. त्या ओल्या बिया तिथे दिवसभर बसतील आणि चकत्यांना गंज लागेल.

या सगळ्याला कपामागे मिनिटभर जातं, हॉपरच्या बटणाला दहा सेकंद. एकट्यासाठी मिनिट काहीच नाही. पण पाच पाहुणे आले की तोलणं, थेंब, भाता असं पाचदा करावं लागतं आणि पहिल्याची कॉफी पाचव्याची होईपर्यंत गार होते. आमच्याकडे पाहुणे यायचे असले की पाच वाट्या आधीच तोलून ठेवतो.

सिंगल डोसिंगने ताजेपणा आपोआप येतो, हा मात्र गैरसमज आहे. हॉपर रिकामा आणि पाकिटाचं तोंड उघडं, तर बिया तशाच शिळ्या होणार. ज्यांना महिनाभर पुरवायचं आहे ते 18-18 ग्रॅमच्या हवाबंद बाटल्या करून फ्रीझरमध्ये ठेवतात आणि गोठलेली बी तशीच दळतात. पाकीट फ्रीझरमधून रोज आत-बाहेर केलं तर बियांवर दव धरतं, म्हणून एका वेळी एकच बाटली बाहेर काढायची. हॉपरला ही सोय नाही.

हॉपरच्या ग्राइंडरमध्येच 18 ग्रॅम टाकून सिंगल डोसिंग करता येईल का? करून बघा, पण आधी त्याच्या पोटात काय राहतं ते तपासा. नुसतं आत 18 आणि बाहेर 18 बघून फसू नका. बाहेर आलेल्या अठरांत चार कालचे असू शकतात आणि आजचे चार आत जाऊन बसलेले. खरी परीक्षा रंगाची आहे. काळपट भाजलेली बी दळा, मग लगेच फिक्या भाजणीची 18 ग्रॅम पांढऱ्या कागदावर दळा. दालचिनीच्या रंगाच्या पुडीत काळे कण किती दिसतात आणि कितव्या ग्रॅमपर्यंत दिसत राहतात, तेवढं तुमचं यंत्र पोटात ठेवतं. दहा ग्रॅमनंतरही काळे कण येत असतील, तर त्या यंत्राला एकच कॉफी आणि हॉपरच बरा. पण हॉपरमध्ये पाकीट ओतू नका. चार बोटांची ती थप्पी आणि वर दोन दिवसांच्या बिया, एवढंच भरत राहा, बाकीच्या पाकिटातच घट्ट बंद ठेवा.

आमच्याकडे निर्णय वेगळ्याच कारणाने झाला. बाबांना रात्री जेवणानंतर कॉफी लागते आणि डॉक्टरांनी कॅफिन वर्ज्य सांगितलंय. एका हॉपरमध्ये दोन कॉफ्या राहू शकत नाहीत. आता डिकॅफची त्यांची वैरण वेगळी तोलून ठेवलेली असते. तरीही ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आईच्याच सुरात विचारतात, "आधी कोणाची दळलीस?" मग मी त्यांच्या डिकॅफच्या दोन-तीन बिया आधी दळून टाकून देतो आणि मगच त्यांचे 18 ग्रॅम आत ओततो.