चार माणसं वाढली, संवादाचे मार्ग किती वाढले?

मंडळी, मुकुंदवाडीला लागूनच चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपचं उदाहरण आपण घेऊ. समजा, मॅनेजर धरून 6 माणसं आहेत. प्रत्येक जण उरलेल्या पाचांशी बोलणार. पण दोघांमधला मार्ग दोनदा मोजायचा नाही, म्हणून निम्मे करायचे. सूत्र n(n−1)/2, म्हणजे 6×5÷2 = 15.

आता परीक्षेतला प्रश्न: 'मॅनेजरच्या हाताखाली 5 जण होते, आणखी 4 आले. मार्ग किती वाढले?' इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. मॅनेजरलाही मोजायचं, म्हणून n = 10 आणि 10×9÷2 = 45. पण विचारलंय 'किती वाढले', म्हणजे उत्तर 45−15 = 30.

माणसं दुप्पटही नाहीत आणि मार्ग मात्र तिप्पट! म्हणून आपण पाच-पाचांचे दोन गट करू. प्रत्येक गटात 10 मार्ग, आणि दोन गटप्रमुखांमधला एक; एकूण 21. मात्र हे फुकट मिळत नाही. ड्रॉइंगमधला बदल आता गटप्रमुखामार्फत जातो, आणि तो रजेवर असला की दुसरा गट जुन्याच मापाचे जॉब काढत बसतो. तेव्हा आराखड्यात आधीच लिहून ठेवायचं: ड्रॉइंगचा बदल थेट दहाही जणांना कळवायचा, हजेरी आणि मालाची मागणी तेवढी गटप्रमुखाकडून.