कुलपात तुटून अडकलेली किल्ली

दाराच्या सिलिंडर कुलपात किल्ली तुटली की पुढचा टोकाचा भाग आत राहतो आणि मूठ हातात येते. कुलूप मात्र बहुतेक वेळा शाबूत असते. ते बिघडते ते नंतरच्या खटपटीत. तुकडा काढण्यापूर्वी आत काय चालले आहे हे समजून घेतले, तर ती खटपट निम्म्याने कमी होते.

आज फ्लॅटच्या दारांना सर्रास बसणारे पिनांचे सिलिंडर हे लायनस येल धाकटे यांनी १८६० च्या दशकात पेटंट घेतलेल्या रचनेचेच रूप आहे. बाहेर एक स्थिर कवच असते आणि त्यात फिरणारा पितळी गाभा असतो. किल्लीचे भोक याच गाभ्यात असते. गाभ्यात आणि कवचात एकासमोर एक अशी पाच-सहा छिद्रे पाडलेली असतात. प्रत्येक छिद्रात दोन पिना आणि त्यांना दाबून धरणारी बारीक स्प्रिंग असते. किल्लीला स्पर्श करणारी पीन आणि तिच्यामागची पीन यांच्यातला सांधा नेमका गाभ्याच्या कडेवर आला, तरच गाभा फिरतो. किल्लीच्या खाचा प्रत्येक पिनेला तेवढीच उचलतात.

गाभा फिरला की किल्लीकडच्या पिना त्याच्याबरोबर फिरतात आणि त्यांच्या मागे स्प्रिंगऐवजी कवचाची भिंत येते. आता त्यांना मागे सरायला जागाच उरत नाही. त्या किल्लीच्या खाचांमध्ये रुतून बसतात आणि किल्लीला धरून ठेवतात. फिरवलेली किल्ली अर्ध्यावर काढता येत नाही, ती याचमुळे. किल्ली बहुधा फिरवताना तुटते, म्हणून तुकडाही अशाच पकडीत सापडलेला असतो. या अवस्थेत तो ओढणे म्हणजे पिनांची टोके खरवडणे. गाभा मूळ जागी आणणे हे पहिले काम, तुकडा ओढणे हे दुसरे.

एक नमुना घेऊ. पावसाळ्यात लाकडी दार फुगले आहे, कुलपाचा दांडा चौकटीतल्या पट्टीत घट्ट बसला आहे आणि तो जोर लावून उघडताना किल्ली पहिल्या खाचेपाशी तुटली. भोक थोडे तिरके झाले आहे आणि तुकडा तोंडापासून दोनेक मिलिमीटर आत आहे. प्रथम एका हाताने दार चौकटीकडे दाबून धरावे, म्हणजे दांड्यावरचा ताण जातो. मग लहान चपटा स्क्रू ड्रायव्हर भोकाच्या तोंडाशी जेमतेम टेकवून गाभा हळूच मूळ जागी वळवावा. ताण गेलेला असला तर त्याला फारसा जोर लागत नाही. भोक सरळ उभे झाले की पिना पुन्हा स्प्रिंगच्या ताब्यात येतात आणि बऱ्याचदा बारीक ‘टक्’ जाणवते. या क्षणापासून तुकडा आतल्या बाजूलाही सरकू शकतो, म्हणून स्क्रू ड्रायव्हर लगेच बाजूला घ्यावा. तुटलेली मूठ पुन्हा भोकात घालण्याचा मोहही इथेच टाळायचा असतो, कारण ती तुकड्याला आत ढकलते.

यानंतर सिलिकॉनचा किंवा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे नळीने भोकात अगदी थोडा मारावा. खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल घालू नये. सुरुवातीला किल्ली छान सरकते, पण पुढे त्यावर धूळ बसून चिकटा तयार होतो आणि पिना अडकू लागतात.

मग टॉर्च धरून खाचांची बाजू ओळखावी. मॉर्टिस कुलपाच्या सिलिंडरचा फुगीर भाग सहसा खाली असतो, पिना त्या भागात असतात आणि खाचाही खाली येतात. नाइट लॅचच्या गोल सिलिंडरमध्ये पिना बहुधा वर असतात. दोन्ही पृष्ठांवर खळगे असलेल्या चपट्या किल्ल्यांना अशी खाचांची कड नसते. तिथे पुढची रीत जशीच्या तशी लागू पडत नाही, म्हणून ते काम किल्लीवाल्याकडे द्यावे.

तुकडा काढण्याचे खास हत्यार म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेली पातळ पोलादी पट्टी. ती नसेल तर फ्रेट करवतीचे सर्वांत बारीक पाते चालते, मात्र त्याचे दात स्वतःकडे वळलेले हवेत, म्हणजे ते आत सहज जाते आणि बाहेर येताना धरते. पट्टी पिनांच्या रांगेतून घुसवायची नाही. किल्लीच्या अंगावर लांबीभर ज्या उभ्या चऱ्या असतात, त्यांतून ती आत जाते. तुकड्याचा पहिला उंचवटा ओलांडण्यापुरती, म्हणजे साधारण चार-पाच मिलिमीटर आत गेली की आकडा खाचेकडे वळवावा आणि सरळ बाहेर ओढावे. हत्याराचा तरफेसारखा वापर करू नये, कारण पितळी पिनेपेक्षा पोलाद कठीण असते आणि तिरक्या दाबाने पिनेच्या टोकावर ओरखडा उठतो. तो ओरखडा पुढे प्रत्येक वेळी किल्लीला खरखरीत लागतो.

गाभा खरोखर मूळ जागी असेल, तर तुकडा बाहेर यायला अखंड किल्ली काढताना लागते तेवढीच ताकद पुरते. पिना उंचवट्यांवरून आपोआप सरकतात आणि एकेक पीन खाली पडल्याचा ठोका बोटांना कळतो. आकडा एकसारखा निसटत असेल तर दुसरी पट्टी दुसऱ्या बाजूच्या चरीतून घालून दोन्ही एकत्र ओढाव्यात. पकड धरूनही तुकडा हलत नसेल, तर गाभा अजून थोडा तिरका आहे असे समजावे आणि जोर वाढवण्याऐवजी भोक पुन्हा सरळ करावे. तुकडा तोंडाबाहेर डोकावू लागला की अरुंद टोकाच्या पकडीने तो घ्यावा.

काडीला झटपट चिकटणारा गोंद लावून तुकडा धरण्याची युक्ती बरीच लोकप्रिय आहे आणि सर्वांत घातकही. हा गोंद पातळ असतो. तो फटींतून ओढला जाऊन पिनांच्या छिद्रांत पोहोचतो आणि किल्लीसह अख्खे सिलिंडर बाद होते. चुंबकही उपयोगी नाही, कारण किल्ल्या बहुधा पितळेच्या किंवा निकेल आणि जस्त मिसळलेल्या तांब्याच्या असतात, आणि हे धातू चुंबकाला चिकटत नाहीत.

तुकडा आला नाही, पण दार दुसऱ्या वाटेने उघडता आले, तर सिलिंडर काढून हातात घेता येते. नाइट लॅचच्या सिलिंडरमागची पट्टी काढल्यावर पुष्कळदा भोक मागून उघडे सापडते आणि ताठ तारेने तुकडा पुढे ढकलता येतो. गाभा उपसून काढणे मात्र टाळावे. त्याच्यामागोमाग तेवढ्याच व्यासाची नळकांडी सरकवली नाही, तर पिना आणि स्प्रिंग उडून बाहेर पडतात आणि त्यांचा क्रम हरवला की मूळ किल्ली चालत नाही.

तुकडा निघाल्यावर राखीव किल्ली दार उघडे ठेवून दहा-बारा वेळा फिरवून बघावी. ती आत जाते पण फिरत नाही, तर एखादी पीन अडकली आहे किंवा धातूचा कीस राहिला आहे. किल्लीवर पिवळी भुकटी येत असेल तर कुठेतरी पितळ खरवडले आहे. गाभा तिरका असतानाही किल्ली बाहेर येत असेल, तर झीज झालेली आहे आणि सिलिंडर बदलणे योग्य. नवी किल्ली राखीव किल्लीवरून कापून घ्यावी. ती नसेल तर किल्लीवाला दोन्ही तुकडे यंत्राच्या पकडीत जुळवून नक्कल काढू शकतो, पण त्यासाठी तुकड्याच्या खाचा शाबूत हव्यात. म्हणून ओढताना करवतीचे दात खाचेच्या तळाऐवजी उंचवट्याच्या उतारावर अडकवलेले बरे.